गँट्री गर्डर: आडवा जोर न पेलणारी टॉप फ्लॅंज

अंबडच्या शेडमध्ये १० टनी ईओटी क्रेन, गर्डर ७.५ मीटर. उभ्या आणि आडव्या मोमेंटच्या एकत्रित तपासणीचा रेशो १ च्या आत येईना. वेब खोल केला, खालची प्लेट वाढवली, व्यर्थ. फार चिडचिड झाली.

जमलं ते असं. चाकाचा ८० किलोन्यूटन भार २५ टक्के आघातासह १०० धरला. चाकांत ३ मीटर अंतर. एक चाक मध्यापासून ०.७५ मीटरवर ठेवल्यावर मोमेंट २४० किलोन्यूटन-मीटर. क्रॅब आणि उचललेला भार १२० किलोन्यूटन, त्याचा १० टक्के आडवा जोर चार चाकांत वाटून प्रत्येकी ३. आडवा मोमेंट ७.२.

हा जोर रुळाच्या पातळीवर लागतो, म्हणून तो फक्त टॉप फ्लॅंजवर तपासला. आयएसएमबी ५०० च्या एकट्या फ्लॅंजचा आडवा मॉड्युलस जेमतेम ७६ घन सेंमी. वर आयएसएमसी ३०० आडवा वेल्ड केला, तो सुमारे ४७० झाला. रेशो उतरला. डिफ्लेक्शन मात्र आघाताविना तपासा: मर्यादा १० मिमी.