‘बघून घ्या’ लिहू नका: टीमच्या ग्रुपवर या चुका टाळा

रावेर-सावदा पट्ट्यातल्या एका केळीच्या पॅकहाऊसवर मी कटाई, गाड्या आणि मालाचा मेळ घालायचं काम करते. आमच्या ग्रुपवर बागेतले मुकादम आहेत, पॅकिंगच्या सुपरवायझर ताई आहेत, ट्रान्सपोर्टवाले आहेत, जळगावच्या ऑफिसातली मंडळी आहे आणि खरेदीदाराचा मुंबईचा माणूसही आहे. निम्मी कामं तिथेच ठरतात आणि बिघडतात तीही तिथेच. नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात त्याच चुका करतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे काम सांगायचं, पण कोणी करायचं ते सांगायचं नाही. मराठीत हे फार सहज होतं. ‘थांबवायचं आहे’, ‘कळवून द्यावं’, ‘बघून घ्या’ ही वाक्यं कानाला नम्र लागतात, कारण त्यांत कोणाकडे बोट जात नाही. पण बोट नाही, म्हणून कोणी हलतही नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. मे महिन्यातला मंगळवार होता. कंटेनर एक दिवस उशिरा येणार असं रात्री कळलं आणि ११ वाजून ४० मिनिटांनी मी ग्रुपवर टाकलं: ‘उद्याची कटाई थांबवायची आहे. कंटेनर उशिरा येतोय. बघून घ्या.’ पाच मिनिटांत सहा ‘ओके’ आले. मी निश्चिंत झोपले.

मुकादमभाऊंनी तो मेसेज पहाटे साडेचारला उघडला. तेव्हा बुधवार उजाडत होता, त्यामुळे त्यांच्यासाठी ‘उद्या’ म्हणजे गुरुवार. टोळी पाचला निघाली. सुपरवायझर ताईंना वाटलं, मुकादम ग्रुपवर आहेतच, वाचतील. ऑफिसला वाटलं, ताई फोन करतील. सात वाजता बागेतून फोटो आला, तोवर १८० घड उतरले होते. घड पंचवीस किलोचा धरला तरी ४५ क्विंटल माल. केळी एकदा कापली की पिकण्याकडे तिची वाटचाल सुरू होते, आणि मेमधल्या जळगावच्या उन्हात ती थांबत नाही. कंटेनरमध्ये १३-१४ अंशांवर जायचा माल झाडाखाली पडून राहिला. शेवटी तो जवळच्या बाजारात, निर्यातीपेक्षा बऱ्याच कमी भावाला द्यावा लागला. बागायतदार आप्पांनी मला एकच विचारलं, ‘पोरी, मुकादमाला फोन का नाही केला?’

तो मेसेज आता मी असा लिहिते:

‘मुकादमभाऊ, बुधवारी १५ तारखेला कटाई करू नका. कंटेनर गुरुवारी सकाळी येणार आहे. टोळीला आज रात्रीच सांगा आणि सांगितलं की इथे “झालं” लिहा.’

आधीचा मेसेज याहून छोटा होता, पण कामाचा नव्हता. नव्यात सुरुवातीलाच माणूस आहे, म्हणजे फोनच्या पडद्यावर वरची ओळ चमकली तरी भाऊंना कळतं की हे आपल्यासाठी आहे. मग काम, तेही ‘करू नका’ इतकं सरळ. वार आणि तारीख दोन्ही. कारण एका ओळीत. आणि शेवटी, उत्तर काय हवं तेही सांगितलं आहे. ‘करू नका’ हे कुणालाही उद्धट वाटलेलं नाही, कारण आधी ‘भाऊ’ आहे आणि नंतर कारण आहे. आपल्याकडे मान हाक मारण्यात असतो. क्रियापद गुळमुळीत केल्याने तो वाढत नाही. आणि रात्री दहानंतर सकाळचं काम बदललं तर मी आधी फोन करते, मेसेज नंतर टाकते. ग्रुपच्या भरवशावर टोळी थांबत नाही.

तारखेचंही तसंच. ‘परवा’ हा शब्द मी ग्रुपवर बंदच केला आहे. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. ‘परवाची गाडी’ वाचून एकजण जुनं बिल शोधतो आणि दुसरा नवीन गाडी लावतो.

दुसरी चूक ‘ओके’ची, आणि ही मला मनापासून खटकते. ‘ओके’ म्हणजे वाचलं, पटलं, करतो की झालं? अंगठ्याचंही तेच. त्या रात्रीच्या सहा ‘ओके’मधला एकही ‘मी मुकादमांना सांगतो’ असा नव्हता. आमच्याकडे आता तीनच शब्द चालतात: ‘पाहिलं’, ‘करतो’ किंवा ‘करते’, आणि ‘झालं’. ‘करतो’सोबत वेळ लिहायची. नवीन मुलांना हा जाच वाटतो, कारण अंगठा दाबायला अर्धा सेकंद लागतो. पण अंगठ्यानंतर मला तीन फोन करावे लागतात, तो वेळ कोणी धरत नाही.

दोन प्रश्न एका मेसेजमध्ये विचारले तर उत्तर हमखास ‘हो’ येतं आणि कशाला ते कळत नाही. म्हणून प्रश्न वेगळे टाका, आणि उत्तर देताना तो मेसेज धरूनच रिप्लाय करा.

नुसतं ‘ताई’ लिहून थांबू नका. हाक आणि काम एकाच मेसेजमध्ये येऊ द्या.

पॅकिंग चालू असताना दीड मिनिटाची व्हॉइस नोट पाठवू नका. पंख्यांच्या आवाजात ती ऐकू येत नाही आणि पेट्यांचा आकडा नंतर तिच्यात शोधता येत नाही.

चुकलेला आकडा एडिट करून गप्प बसू नका. व्हॉट्सअॅपवर १५ मिनिटांपर्यंत मेसेज बदलता येतो, पण ज्याने जुना वाचला त्याचा फोन पुन्हा वाजत नाही. ‘दुरुस्ती: पेट्या ६४० नाहीत, ४६०’ असा नवीन मेसेज टाका.

आता सुराबद्दल. घाईत असलेली माणसं ‘रिपोर्ट?’ लिहितात आणि दोन मिनिटांनी नुसतं ‘??’. वयाने मोठ्या माणसाला ते चापट मारल्यासारखं लागतं. उलट टोक म्हणजे ‘भो, टाक ना तो फोटो’. चहाच्या टपरीवर हे गोड वाटतं, पण त्याच ग्रुपवर खरेदीदाराचा माणूस वाचत असतो. माझी सवय अशी की, बाहेर कुणाला ‘तू’ म्हणत असले तरी ग्रुपवर ‘तुम्ही’. ‘पाठवाल का?’ मी तेव्हाच लिहिते, जेव्हा समोरच्याला खरोखर ‘नाही’ म्हणता येतं. नाही म्हणता येणार नसेल तर ‘पाठवा’, सोबत वेळ आणि कारण. सक्तीच्या कामाला विनंतीचं रूप दिलं की माणूस ते संध्याकाळवर ढकलतो, आणि मग आपणच चिडतो. ‘कृपया योग्य ती कार्यवाही करावी’ हे अर्जात शोभतं. ग्रुपवर ते वाचून कोणालाही कळत नाही की योग्य ती म्हणजे कोणती.

उत्तर आलंच नाही तर आठवणही तशीच करायची. ‘अजून पाठवलं नाही’ यात ठपका आहे. मी लिहिते: ‘ताई, साडेचारला गाडी निघते. पेट्यांचा आकडा चारपर्यंत मिळाला तर बिल्टी वेळेत होईल. अडचण असेल तर सांगा, मी मोजायला माणूस पाठवते.’ पाऊण तासात काहीच आलं नाही तर ग्रुपवर आणखी काही लिहीत नाही, फोन लावते.