मसावि काढा भागाकाराच्या बाकीवरून: लूप की रिकर्शन?

दोन संख्यांचा मसावि म्हटलं की बहुतेकांना आधी मूळ अवयव आठवतात. दोन्ही संख्यांचे अवयव पाडायचे, सामाईक तेवढे निवडायचे आणि त्यांचा गुणाकार करायचा. लहान संख्यांना ही रीत पुरते. संख्या शंभर-दीडशे अंकी असली, तर मात्र अवयव पाडणं हेच सगळ्यात अवघड काम होऊन बसतं. भागाकाराच्या बाकीवरून मसावि काढायच्या पद्धतीत अवयव पाडावेच लागत नाहीत. युक्लिडच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत प्रोग्राममध्ये दोन प्रकारे लिहिता येते, लूपने आणि रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावून. दोन्हींत तेच भागाकार त्याच क्रमाने होतात, पण चुका वेगवेगळ्या ठिकाणी होतात. म्हणून दोन्ही लिहून पाहू.

आधी कागदावर

२०२४ आणि ७४८ या संख्या घ्या. मोठीला लहानीने भागा आणि बाकी बघा. मग आधीचा भाजक हा नवा भाज्य आणि बाकी हा नवा भाजक. बाकी शून्य येईपर्यंत हेच करत राहायचं.

२०२४ = २ × ७४८ + ५२८
७४८ = १ × ५२८ + २२०
५२८ = २ × २२० + ८८
२२० = २ × ८८ + ४४
८८ = २ × ४४ + ०

शेवटचा भाजक ४४, तोच मसावि. ताळा असा: २०२४ म्हणजे ४४ × ४६ आणि ७४८ म्हणजे ४४ × १७. आता ४६ आणि १७ यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही.

हे का जमतं, ते पहिल्या ओळीतच दिसतं. एखादी संख्या २०२४ आणि ७४८ या दोघांना निःशेष भागत असेल, तर ती २०२४ − २ × ७४८ यालाही, म्हणजे ५२८ लाही भागणारच. उलट बाजूने, जी संख्या ७४८ आणि ५२८ यांना भागते ती त्यांच्यापासून बनलेल्या २०२४ लाही भागते. म्हणजे (२०२४, ७४८) आणि (७४८, ५२८) या दोन जोड्यांचे सामाईक विभाजक अगदी तेच आहेत, आणि म्हणून त्यांतला सर्वांत मोठाही तोच. शिवाय बाकी भाजकापेक्षा नेहमी लहान असते. प्रत्येक पायरीला ती घटत जाते, म्हणून कधी ना कधी शून्यावर येतेच.

पुढच्या दोन्ही प्रोग्राममध्ये फक्त एवढंच वाक्य आहे: (a, b) चा मसावि म्हणजे (b, a भागिले b ची बाकी) यांचा मसावि, आणि b शून्य असेल तर मसावि a.

पहिली पायरी: रिकर्शन

सुरुवात रिकर्शनपासून करावी असं माझं मत आहे, कारण वरचं वाक्य त्यात जसंच्या तसं उतरतं. उदाहरणं पायथॉनमध्ये देतो.

```python
def masavi(a, b):
    if b == 0:
        return a
    return masavi(b, a % b)
```

फंक्शनच्या पहिल्या ओळीत `print(a, b)` घालून `masavi(2024, 748)` चालवा. स्क्रीनवर हे येईल:

```
2024 748
748 528
528 220
220 88
88 44
44 0
```

कागदावरच्या जोड्या त्याच आहेत. भागाकार पाच, पण फंक्शन सहा वेळा बोलावलं गेलं, कारण `44 0` ही जोडी आल्यावरच थांबायचं हे फंक्शनला कळतं. मोठी संख्या आधी द्यायला हवी का, असा प्रश्न पडू शकतो. गरज नाही. `masavi(748, 2024)` दिलं, तर ७४८ ला २०२४ ने भागून बाकी ७४८ च उरते आणि पुढची जोडी आपोआप (२०२४, ७४८) होते. एक फेरी वाढते, एवढंच.

इथे चूक होते ती शेवटच्या ओळीत. `return` विसरून नुसतं `masavi(b, a % b)` लिहिलं, तर आतला हिशोब बरोबर होतो, ४४ सापडतंही, पण ते वर परत पोचत नाही आणि हातात `None` येतं. फंक्शन `masavi(44, 0)` ने तपासलं असेल तर ही चूक दिसणार नाही, कारण तिथे शेवटची ओळ चालतच नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे: क्रम उलटा करून `masavi(a % b, b)` लिहिणं. मग (२०२४, ७४८) पासून (५२८, ७४८) मिळतं. पण ५२८ ला ७४८ ने भागून बाकी ५२८ च राहते, म्हणजे पुन्हा (५२८, ७४८). b कधीच शून्य होत नाही, फंक्शन स्वतःला बोलावत राहतं आणि शेवटी `RecursionError: maximum recursion depth exceeded` असा संदेश येतो. हा संदेश वाचून अनेक जण एकात एक फंक्शन उघडायची मर्यादा वाढवायला धावतात. मर्यादा कितीही वाढवली तरी ही चूक सुटत नाही. खरोखर खोली कमी पडली की कोड चुकला, हे ओळखायची पक्की रीत थोडं पुढे आहे.

दुसरी पायरी: रिकर्शनचा लूप करणं

लूप नव्याने सुचवावा लागत नाही. वरच्या फंक्शनवरून तो सरळ उतरवता येतो. थांबायची अट `b == 0` होती, तिची उलट `b != 0` ही `while` ची अट झाली. फंक्शनला पुढच्या वेळी जे दोन आकडे दिले जात होते, ते आता a आणि b मध्ये भरायचे.

```python
def masavi(a, b):
    while b != 0:
        a, b = b, a % b
    return a
```

तिसऱ्या ओळीत उजवीकडच्या दोन्ही किमती आधी काढल्या जातात आणि मगच डावीकडे भरल्या जातात. या ओळीवरच सगळं अवलंबून आहे. ती दोन ओळींत तोडली, तर हे होतं:

```python
a = b
b = a % b    # चूक
```

आपल्याच संख्यांवर चालवून बघा. a होता २०२४, पहिल्या ओळीनंतर तो ७४८ झाला. दुसऱ्या ओळीला २०२४ हवा होता, पण तो आता कुठेच शिल्लक नाही. ७४८ ला ७४८ ने भागून बाकी शून्य, लूप एका फेरीत संपला आणि उत्तर ७४८. या चुकीची खूण ठरलेली आहे: दुसरी संख्या शून्य नसेल तर उत्तर म्हणून नेहमी तीच परत येते. म्हणूनच १२ आणि ४ अशा जोडीने तपासणी केली तर काहीच कळत नाही, कारण तिथे खरा मसावि ४ च आहे. लहान संख्येने मोठीला पूर्ण भाग जाणार नाही अशी जोडी घेऊनच तपासावं.

ज्या भाषेत एका ओळीत दोन किमती भरता येत नाहीत, तिथे बाकी आधी बाजूला ठेवायची:

```python
baki = a % b
a = b
b = baki
```

रिकर्शनमध्ये ही चूक होऊच शकत नाही. तिथे नव्या फेरीला नवे a आणि b मिळतात, जुन्यावर कुणी लिहीत नाही. मला दोन्हींतला खरा फरक हाच वाटतो. रिकर्शन प्रत्येक जोडी जपून ठेवतं, लूप एकाच जागेवर पुसून लिहितो. पुसून लिहिताना क्रम सांभाळावा लागतो, जपून ठेवताना जागा लागते.

जागा किती लागते?

पायथॉनमध्ये एकात एक किती फंक्शन उघडी राहू शकतात याची मर्यादा साधारणपणे १००० असते. आपल्या फंक्शनमध्ये पुढचं फंक्शन परत आल्यावर काहीच करायचं उरत नाही. काही भाषा हे ओळखून जागा पुन्हा वापरतात. स्कीम भाषेच्या नियमांतच ते आहे, आणि सी भाषेचे कंपायलर ऑप्टिमायझेशन चालू असताना बहुधा त्याचा लूपच करून टाकतात. पायथॉन मात्र तसं करत नाही.

मग १००० ची मर्यादा कधी आड येते? याचं उत्तर फ्रेंच गणिती गॅब्रिएल लामे यांनी १८४४ मध्ये सिद्ध करून ठेवलं आहे: भागाकारांची संख्या लहान संख्येच्या अंकांच्या पाचपटीहून जास्त होत नाही. ७४८ तीन अंकी आहे, म्हणजे फार तर १५ भागाकार, आपल्याला पाचच लागले. सगळ्यात जास्त फेऱ्या लागतात त्या फिबोनाची क्रमातल्या शेजारच्या संख्यांना, कारण तिथे शेवटची पायरी सोडली तर भागाकार दरवेळी १ च येतो आणि बाकी शक्य तितकी हळू घटते. ८९ आणि ५५ घेऊन करून बघा: बाक्या ३४, २१, १३, ८, ५, ३, २, १, ० अशा येतात, एकूण नऊ भागाकार. लामेंची मर्यादा इथे दहा आहे.

यावरून हिशोब सरळ आहे. अठरा अंकी संख्येला ९० हून जास्त भागाकार लागणारच नाहीत, तेव्हा रिकर्शन निर्धास्त वापरा. अगदी वाईट जोडी घेतली तरी लहान संख्या २०० अंकांच्या आसपास जाईपर्यंत १००० ची मर्यादा गाठली जात नाही. मघाची ओळखायची रीत ती हीच: `RecursionError` तीन-चार अंकी संख्यांवर आला, तर दोष खोलीचा नाही, कोडचा आहे. जोड्या छापून बघा, तीच जोडी पुन्हा पुन्हा दिसेल. तो शेकडो अंकांच्या संख्यांवर आला आणि छापलेल्या जोड्या खरोखर घटताना दिसल्या, तर कोड बरोबर आहे. अशा वेळी मर्यादा न वाढवता लूप वापरावा. पायथॉनमध्ये इतरांनी वापरायचं फंक्शन असेल तर मी लूपच लिहीन. पद्धत समजावून सांगायची असेल तर रिकर्शन.

उणे संख्या आणि शून्य

वरचे दोन्ही प्रोग्राम `masavi(2024, -748)` ला -44 उत्तर देतात. मसावि धन मानायचा संकेत आहे, म्हणून `return a` च्या जागी `return abs(a)` लिहावं. रिकर्शनमध्ये हा बदल `b == 0` खालच्या ओळीत करायचा. उणे संख्यांची बाकी पायथॉन आणि सी वेगवेगळी काढतात, त्यामुळे मधल्या जोड्या दोन भाषांत जुळणार नाहीत. शेवटचं उत्तर चिन्ह सोडून तेच येतं.

दोन्ही संख्या शून्य असतील तर उत्तर शून्य येतं, आणि पायथॉनचं तयार `math.gcd` सुद्धा तेच देतं. आपलं फंक्शन तपासायला हे तयार फंक्शन फार कामाचं आहे. (२०२४, ७४८), (७४८, २०२४), (८९, ५५), (०, ७), (०, ०) आणि (२०२४, −७४८) एवढ्या जोड्या दोन्हींना देऊन उत्तरं ताडून पाहा. यातली (०, ७) ही जोडी विसरू नका. थांबायची अट b ऐवजी a वर लावली गेली असेल तर इथे ७ च्या जागी शून्य येईल आणि चूक लगेच पकडली जाईल.