ब्रोमोथायमॉल ब्लूचा पीकेए आणि सातवा फ्लास्क

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी हा प्रयोग माझ्या वाट्याला आला तेव्हा टेबलावर 25 मिलीचे सात फ्लास्क होते. पहिला पिवळा, शेवटचा गडद निळा आणि मधले पाच हिरव्याच्या वेगवेगळ्या छटांचे. दर्शक होता ब्रोमोथायमॉल ब्लू. 0.1 ग्रॅम पूड 0.01 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या 16 मिलीत विरघळवून तिचं पाण्यानं 250 मिली द्रावण केलं होतं आणि त्यातलं बरोबर 1 मिली प्रत्येक फ्लास्कमध्ये जायचं होतं. मधल्या पाचांत 0.1 मोलरच्या दोन फॉस्फेट द्रावणांची वेगवेगळ्या प्रमाणातली मिश्रणं, एकूण 12.5 मिली. पहिल्यात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल, सातव्यात थोडं सोडियम हायड्रॉक्साइड. मग खुणेपर्यंत पाणी.

ही दोन टोकं कशासाठी, हे आधी समजून घ्या. आम्लात दर्शकाचे जवळजवळ सगळे रेणू पिवळ्या रूपात असतात, अल्कलीत निळ्या. 615 नॅनोमीटरला निळं रूप भरपूर प्रकाश शोषतं, पिवळं जवळजवळ नाहीच. त्यामुळे मधल्या फ्लास्कचा ॲबसॉर्बन्स या दोन टोकांच्या मध्ये कुठे पडतो, त्यावरून दोन रूपांचं गुणोत्तर कळतं:

```
pH = pKa + log[(A − A_acid)/(A_base − A)]
```

प्रत्येक फ्लास्कचा पीएच मीटरवर मोजा, बफरच्या तक्त्यातला आकडा उचलू नका. माझे पीएच 6.0, 6.5, 7.0, 7.5 आणि 8.0 आले. ॲबसॉर्बन्स अनुक्रमे 0.081, 0.205, 0.439, 0.704 आणि 0.872. आम्लाचा फ्लास्क 0.010, अल्कलीचा 0.941.

गणित केलं तर पीकेए निघाला 7.08, 7.08, 7.07, 7.03 आणि 6.90. माझ्या जोडीदारानं सरासरी काढून वहीत 7.03 लिहूनही टाकलं. मला ते पटेना. चूक आकस्मिक असती तर आकडे वरखाली झाले असते. इथे ते एकाच दिशेनं घसरत होते आणि जसजसा रंग निळ्याकडे जात होता तसतशी घसरण वाढत होती. सूत्रातला छेद पाहा. पीएच 8.0 ला A_base − A म्हणजे 0.941 वजा 0.872, फक्त 0.069. एवढ्या लहान फरकात A_base थोडा जरी चुकला तरी गुणोत्तर भलतीकडे जातं. पीएच 7.0 ला तोच फरक 0.502 आहे, तिथे त्या चुकीचा परिणाम किरकोळ. म्हणून संशय थेट सातव्या फ्लास्कवर गेला.

तो खरा की खोटा हे 500 नॅनोमीटरच्या आसपास ठरलं. तिथे पिवळं आणि निळं रूप सारखाच प्रकाश शोषतात. यालाच आयसोसबेस्टिक पॉइंट म्हणतात. पीएच काहीही असो, दर्शक सारखा टाकला असेल तर या ठिकाणी सगळ्या फ्लास्कचा ॲबसॉर्बन्स सारखाच यायला हवा. सातही वर्णपट एकमेकांवर ठेवून पाहिले. सहा रेषा एकाच बिंदूतून जात होत्या, 0.250 ला. सातवी तिथे 0.240 वर होती. म्हणजे त्या फ्लास्कमध्ये दर्शक चार टक्के कमी पडला होता. पिपेट भरताना टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला असावा.

0.941 ला 0.250 नं गुणून 0.240 नं भागलं की 0.980 येतं. पण अशी दुरुस्ती निकालात वापरू नका, ती फक्त निदानासाठी. मी फ्लास्क नव्यानं केला, वाचन 0.980 आलं आणि पाचही पीकेए 7.10 वर जमले. log विरुद्ध पीएचचा आलेख काढला तर चढ 1 आला, तोही आधी शेवटाला वाकत होता.

ही तपासणी दर्शकाच्या प्रमाणातली चूक पकडते, पीएच मीटरची नाही. मीटर 0.05 नं चुकीचा लावला असेल तर सगळी रेषा जशीच्या तशी सरकते, चढ 1 च राहतो, आयसोसबेस्टिक पॉइंटही सुरेख दिसतो आणि पीकेए मात्र 0.05 नं चुकतो. त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटच्या वाचनानंतर पीएच 7 चं प्रमाणित बफर पुन्हा मोजा.

तोंडी परीक्षेत विचारलं गेलं, "कोष्टकात 7.30 आहे, तुझं 7.10 कसं?" त्याचं उत्तर आयनिक स्ट्रेंग्थमध्ये आहे. 7.30 हा शून्य आयनिक स्ट्रेंग्थसाठीचा आकडा. माझ्या फॉस्फेट द्रावणांत ती 0.1 च्या आसपास होती आणि तिथे दर्शकाचा पीकेए 7.1 च्या जवळच येतो. म्हणून वहीत पीकेएच्या शेजारी तापमान आणि बफरची संहती लिहिलेली असू द्या.