लॅप्स रेट एक नाही, दोन असतात

हवामानशास्त्राकडे नव्याने वळलेल्यांच्या डोक्यात 6.5 हा आकडा घट्ट बसलेला असतो. लॅप्स रेट म्हणजे वर जाताना तापमान घटण्याचा दर: किलोमीटरमागे 6.5 अंश, झालं! टी-फाय-ग्राम, म्हणजे फुग्याने वेगवेगळ्या उंचीवर मोजलेलं तापमान आणि बाष्प दाखवणारा आलेख, वाचायची वेळ आली तेव्हा याच आकड्याने माझा पुरता घोळ केला. तो भोवतालच्या वातावरणाचा, तोही सरासरी. चढणाऱ्या हवेचा हिशेब वेगळा.

वर दाब कमी, म्हणून चढणारी हवा फुगते. फुगताना तिला आजूबाजूची हवा ढकलावी लागते आणि ही ऊर्जा तिच्याच उष्णतेतून खर्च होते. वरच्या गारव्यात मिसळायचीही गरज नाही. कोरडी असेपर्यंत ती किलोमीटरमागे सुमारे 9.8 अंशांनी निवते. बाष्पाचे थेंब होऊ लागले की सुप्त उष्णता सुटते आणि हाच दर उबदार हवेत 5 च्या आसपास येतो.

मे महिन्यातली नागपूरची दुपार घ्या. समजा तापमान 38, दवबिंदू 20. फरकाला 125 ने गुणलं की ढगाच्या तळाची जमिनीपासूनची उंची साधारण मीटरमध्ये मिळते: 2250. तिथे चढणारी हवा 16 अंशांवर आलेली असेल. भोवतालही 16 च धरू. पुढे भोवताल किलोमीटरमागे 7 अंशांनी थंड होत असेल, तर दोन किलोमीटर वर तो 2 अंशांवर असेल आणि ढगातली हवा 6 वर. चार अंशांनी उबदार, म्हणजे हलकी. ती आपसूक वर सुटते आणि गडगडाटी ढग उभा राहतो.

आता जमिनीवरचे आकडे तेच ठेवा. फक्त तळाच्या अर्धा किलोमीटर वर 17 अंशांचा उबदार थर आहे असं धरा. ढगातली हवा तिथे साडेतेराला पोचते. भोवतालापेक्षा जड झाल्यामुळे ती अडते, आडवी पसरते, आणि ढग चपटाच राहतो. बाष्प तेवढंच, ऊनही तेच. तेव्हा 'दमट आहे, पाऊस येणार' असं कुणी सांगितलं तर आधी आलेखावर भोवतालच्या तापमानाची रेघ दाखवायला सांगा. जुलैत कोकणात बाष्पाला तोटा नसतो, तरी तिथले बरेचसे ढग मेमधल्या वादळी ढगांपेक्षा बुटके असतात.

चढणाऱ्या हवेला वर ढकलणारी ऊर्जा किती, हे सांगणाऱ्या तयार 'केप'च्या आकड्यावर विसंबणं मला पटत नाही. सुरुवातीला तरी भोवतालची आणि चढणाऱ्या हवेची अशा दोन्ही रेघा पेन्सिलीने ओढा. सुरुवातीला गोंधळ होतो. थोड्या सरावाने हात बसतो.

एक मात्र सांभाळा. पहाटे साडेपाचच्या फुग्याच्या नोंदीत जमिनीलगत रात्रीच्या गारव्याचा थर दिसतो, आणि वातावरण स्थिर आहे असं ठोकून द्यायचा मोह होतो. दुपारपर्यंत ऊन तो पुसून टाकतं. म्हणून चढणाऱ्या हवेची रेघ पहाटेच्या तापमानापासून न काढता दुपारच्या अपेक्षित कमाल तापमानापासून काढा.