बॅटरी नव्हे, डॅशकॅम दोषी निघाला

गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारताना नुसती टकटक. मेकॅनिकने बॅटरी बदलायला सांगितलं, पण ती जेमतेम दीड वर्षाची होती. म्हणून आधी एक स्वस्त ब्लूटूथ बॅटरी मॉनिटर आणला. लाल वायर प्लसला, काळी मायनसला, डबी बॅटरीच्या कडेला चिकटवली, झालं काम.

गाडी बंद केल्याकेल्या ॲप 12.9 व्होल्ट दाखवतं, त्यावर खूश होऊ नका, तो वरवरचा चार्ज असतो. रात्रभर थांबून सकाळी पाहिलं तर 12.6. ठीक. पण पुढच्या प्रत्येक सकाळी आकडा थोडा खाली, आणि चौथ्या दिवशी 12.1, म्हणजे बॅटरी निम्म्याच्या आसपास रिकामी. आलेख जिना उतरल्यासारखा दिसत होता.

संशय डॅशकॅमवर, कारण तो पार्किंगमध्येही चालू राहावा म्हणून मीच थेट जोडून घेतला होता! त्याचा फ्यूज काढला आणि गाडी पुन्हा चार दिवस उभी ठेवली. आकडा 12.5 च्या खाली गेला नाही.

मॉनिटर करंट मोजत नाही, म्हणून मल्टीमीटर लावला: डॅशकॅम एकटाच 0.2 अँपिअर खात होता. दिवसाला जवळपास 5 अँपिअर-तास, आणि माझी बॅटरी 35 ची. आता तो चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवर आहे. ब्लूटूथ तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचत नाही, पण डबी नोंदी साठवते. खाली गेलं की आलेख भरतो.