कॉमीची मुलाखत: सॉस पाठ करू नका, उरलेल्या अळणीचं उत्तर तयार ठेवा

कोल्हापुरातल्या हॉटेलांच्या जाहिरातीत कॉमीचं, म्हणजे किचनमधल्या ज्युनियर कुकचं, काम चार ओळींत संपतं. भाज्या-मटणाची कापणी, वाटणाची आधीची तयारी, माल तारखेनुसार लावणं, स्टेशन स्वच्छ ठेवणं. कॉमी थ्री सगळ्यांत खालचा, वर टू, मग वन, ही उतरंड तुम्हाला ठाऊक असेलच. नवीन मुलांना ही यादी किरकोळ वाटते, आणि ती मुलाखतीसाठी पाच मदर सॉस पाठ करून जातात. कृपा करून असं जाऊ नका. चालत्या किचनमध्ये रेसिपी ठरलेल्या असतात, त्यात कॉमीला कुणी काही विचारत नाही. तुमच्या हातून माल नासणार नाही, आणि जेवलेलं माणूस आजारी पडणार नाही, एवढी खात्री शेफना हवी असते. ती तपासणारा प्रश्न बहुतेक साठवणीवर येतो. मलाही पहिल्या मुलाखतीत तिथेच अडवलं होतं, म्हणून त्याबद्दल जरा जास्तच सांगतो.

अळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, रश्श्याचा पाया. प्रश्न असा असतो: "रात्री अकराला मटणाचं 20 लिटर अळणी उरलंय, अजून कढत आहे. उद्या तांबड्या-पांढऱ्याला लागणार. काय करशील?"

"झाकून फ्रिजमध्ये ठेवतो, शेफ." हे उत्तर दिलंत की पुढचे प्रश्न नुसते उपचारापुरते. खोल टोपातलं अळणी कडेने थंड होतं, पण मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतं. शिवाय त्या वाफेने फ्रिजमधला बाकीचा मालही गरम होतो. मटणाच्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळूनही जिवंत राहू शकतात, आणि रस्सा सावकाश निवत गेला की ते झपाट्याने वाढतात. वासावरून किंवा चवीवरून हे कळेलच असं नाही. "सकाळी परत उकळी काढतो" हेही सांगू नका, कारण काही जिवाणूंचं विष उकळूनही जात नाही.

बरोबर उत्तर क्रमाने सांगा. आधी विचारा, "शेफ, गॅस बंद होऊन किती वेळ झाला?" हा प्रश्न ऐकूनच समोरचा माणूस सावरून बसतो. मग अळणी गाळून तीन-चार पसरट ट्रेमध्ये ओतायचं, थर साधारण 5 सेंटिमीटरचा. सिंकमध्ये बर्फाचं पाणी, त्यात ट्रे, आणि अधूनमधून स्वच्छ पळीने ढवळायचं. 60 अंशांवरून 21 पर्यंत दोन तासांत, आणि तिथून 5 पर्यंत पुढच्या चार तासांत उतरलं पाहिजे. पहिला टप्पा जास्त महत्त्वाचा, कारण जिवाणू त्याच पट्ट्यात सर्वांत वेगाने वाढतात. अंदाज नको, प्रोब थर्मामीटर लावून बघायचं. निवलं की झाकण, त्यावर पदार्थ, तारीख, वेळ आणि तुमचं नाव, आणि जागा कच्च्या मटणाच्या वरच्या कप्प्यात. सकाळी लागेल तेवढंच काढून 75 अंशांपर्यंत गरम करायचं. अळणी रात्रभर ओट्यावरच राहिलं असेल तर फेकायचं आणि शेफना सांगायचं. फेकायला जीव होत नाही, माहीत आहे. तरी फेकायचं.

इथे कोल्हापुरी किचनमधला एक मुद्दा घाला: साठवायचं ते अळणीच, तयार पांढरा रस्सा नाही. नारळाचं दूध पडलं की तो लवकर आंबतो आणि परत तापवताना फुटतो. दूध, काजू-खसखशीचं वाटण सर्व्हिसच्या आधी घालायचं. हे एका वाक्यात सांगितलंत तर तुम्ही खरंच किचनमध्ये उभे राहिलाय हे कळतं.

आता धीर देतो. बाकीचे प्रश्न एवढे अवघड नसतात. "रविवारी दुपारी एकदम दहा ताटं आली आणि वाटण संपलं तर?" याला उत्तर: संपायच्या आधीच सीडीपीला, म्हणजे सेक्शन सांभाळणाऱ्या शेफला, सांगायचं, संपल्यावर नाही. ट्रायलला कांदा कापायला देतात, तेव्हा वेगाच्या मागे लागू नका. बोर्डाखाली ओलं फडकं घातलं का, तुकडे सारखे आहेत का, सालीबरोबर किती कांदा गेला आणि शेवटी बोर्ड धुतला का, हे बघतात. नखं कापलेली, अंगठी-कडं घरी.

पैसे घेऊन मुलाखतीची उत्तरं पाठ करून देणाऱ्यांकडे जाऊ नका, हे माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा एखाद्या जुन्या कॉमी वनबरोबर रात्रीचं क्लोजिंग करा. मोठे शेफ चव शिकवतील, पण फ्रिज कसा लावायचा ते हीच माणसं दाखवतात.

शेवटी "तुला काही विचारायचंय?" म्हणतात, तेव्हा गप्प बसू नका. कोणत्या सेक्शनला घेणार, पद थ्री की टू, ब्रेक शिफ्ट आहे का, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, आणि नवरात्रात अंबाबाईच्या गर्दीत ती मिळते की बदलून देतात, हे तिथेच विचारून घ्या. पद आणि पगार लेखी मागा. थ्रीच्या पगारात टूचं काम करून घेणारी किचनं आहेत, आणि रुजू झाल्यावर हे बोलणं फार जड जातं.