इंटर्नशिपसाठी कंपनीला मेल: विनंती असावी, विनवणी नको

समजा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी भोसरीतल्या प्रेस टूल बनवणाऱ्या कारखान्याला मेल लिहितोय. तो मेल एचआर किंवा टूलरूमचा मॅनेजर वाचणार, तोही बहुधा मोबाइलवर. तिथे विषयाच्या ओळीतले सुरुवातीचे काही शब्दच दिसतात. ‘इंटर्नशिप मिळणेबाबत विनंती अर्ज’ या ओळीतून त्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

विषय: इंटर्नशिप, जानेवारी-मार्च: मेकॅनिकल अंतिम वर्ष, डाय डिझाइन

मग मजकूर. शाळेतल्या पत्रलेखनाची सवय इथे आडवी येते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ आणि ‘आपला आज्ञाधारक’ दोन्ही गाळा. मॅनेजरचं नाव माहीत असेल तर नावाने, नाहीतर नुसतं ‘नमस्कार’ पुरे.

> नमस्कार,
>
> मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या अंतिम वर्षात आहे. आपण शीट मेटलची प्रेस टूल्स बनवता, हे आपल्या वेबसाइटवर पाहिलं. माझा प्रोजेक्ट २ मिमी माइल्ड स्टीलच्या वॉशरसाठी ब्लँकिंग डाय हा आहे. डिझाइन आणि ड्रॉइंग पूर्ण झाली आहेत, डाय अजून बनवलेला नाही.
>
> ६ जानेवारीपासून १० आठवडे मी पूर्णवेळ येऊ शकतो. टूलरूम किंवा डिझाइन विभागात इंटर्नशिपची जागा आहे का? बायोडेटा आणि एक ड्रॉइंग सोबत जोडलं आहे. कॉलेजचं पत्र आपण सांगाल तेव्हा पाठवेन.
>
> (नाव, कॉलेज, मोबाइल नंबर)

‘डाय अजून बनवलेला नाही’ हे वाक्य काढू नका. टूलरूमवाला पहिला प्रश्न तोच विचारणार, आणि तेव्हा उघडं पडण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं. उलट ‘कोणतंही काम चालेल’, ‘पैसे नसले तरी चालतील’ ही वाक्यं हमखास घात करतात. कुठलंही काम चालणाऱ्या मुलाला कुठे बसवायचं, हे मग मॅनेजरलाच ठरवावं लागतं, आणि त्याला तेवढा वेळ नसतो. स्टायपेंडचा विषय पहिल्या मेलमध्ये काढूच नका. होकार आल्यावर सरळ विचारा. ‘कृपया’ फार तर एकदा.

बायोडेटा एका पानाचा, पीडीएफमध्ये, आणि फाइलला स्वतःचं नाव दिलेलं. `resume_final2.pdf` अशा नावाची फाइल डाउनलोड केल्यावर पुन्हा सापडत नाही. ड्रॉइंगही पीडीएफमध्येच द्या. मूळ कॅड फाइल मोबाइलवर सहसा उघडत नाही. पाठवण्याआधी मेल स्वतःलाच पाठवून फोनवर उघडून बघा. वीस कंपन्यांचे पत्ते एकाच मेलमध्ये घालू नका. सगळ्यांना ते दिसतात आणि कोणीच उत्तर देत नाही.

पिंपरी-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा बुधवारी संध्याकाळी मेल टाकू नका. कामाचे सात-आठ दिवस उत्तर आलं नाही, तर त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी लिहा: ‘१२ तारखेच्या मेलबाबत विचारत आहे. सध्या जागा नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल.’ त्यानंतर तिसरा मेल नको. दुसऱ्या कारखान्याला लिहा, पण प्रेस टूलचं वाक्य त्या कारखान्याच्या कामाप्रमाणे बदलून.